ग्रुपवरच्या लांबलचक चर्चेचा स्क्रीनशॉट आणि त्यातून काढायचं टिपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार-पाच दिवस चर्चा चालते. कुणीतरी गावाला गेलेलं असतं, कुणी ग्रुपवर नसतंच, आणि मग एखादा शेजारी लांबलचक स्क्रीनशॉट पाठवून म्हणतो, "यात काय ठरलं ते जरा लिहून द्या." हे पान अशा टिपणाबद्दल आहे. काय ठरलं, कोणत्या तारखा आहेत आणि कोणते प्रश्न तसेच राहिले, या तीन गोष्टी स्क्रीनशॉटमधून विश्वासाने कशा काढायच्या ते इथे एकाच उदाहरणावर सांगितलं आहे. उदाहरण रचलेलं आहे, पण गच्ची गळणाऱ्या कोणत्याही इमारतीत घडावं असंच आहे. माणसांच्या नावांऐवजी फ्लॅट नंबर आणि पदं वापरली आहेत.

स्क्रीनशॉट हातात आल्यावर सगळ्यात आधी काय पाहायचं?

तो कधी काढला ते. मजकूर वाचायला त्यानंतरच घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅप ताज्या मेसेजांच्या वर पूर्ण तारीख दाखवत नाही. आजच्या मेसेजांवर "आज", कालच्यांवर "काल" आणि त्याआधीच्या काही दिवसांवर फक्त वार दिसतो. त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये "शुक्रवार" असं लिहिलेलं असेल, तर तो कोणता शुक्रवार हे चित्र काढलेल्या दिवसावरूनच कळतं.

बहुतेक अँड्रॉइड फोन ही तारीख फाइलच्या नावातच लिहितात, उदाहरणार्थ `Screenshot_20260512-213045.png`. म्हणजे 12 मे 2026, रात्रीचे साडेनऊ. पण हेच चित्र व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलं की मूळ नाव जातं आणि घेणाऱ्याच्या फोनवर `IMG-20260513-WA0004.jpg` असं काहीतरी नाव दिसतं. ही तारीख चित्र मिळाल्याची असते, काढल्याची नसते. एका दिवसाचा हा फरक पडला की टिपणातल्या सगळ्या तारखा एका दिवसाने सरकतात आणि वाचणाऱ्याला कळतही नाही. म्हणून पाठवणाऱ्याला सरळ विचारावं, "हा कधी काढलास?"

दुसरी गोष्ट म्हणजे चित्राची दोन टोकं. पहिला मेसेज मध्येच सुरू होतो का? शेवटच्या मेसेजनंतर चर्चा पुढे गेली आहे का? टिपणाच्या पहिल्याच ओळीत "शुक्रवार सायंकाळी 7:42 पासून मंगळवार सकाळी 9:10 पर्यंतचे मेसेज" असं लिहून टाकावं. त्यापलीकडचं आपल्याला माहीत नाही, हे वाचणाऱ्याला समजायला हवं.

तिसरं, उजवीकडचे हिरवे मेसेज. त्यांच्यावर नाव नसतं, कारण ते स्क्रीनशॉट काढणाऱ्याचे स्वतःचे असतात. घाईत वाचताना ते आधीच्या माणसाच्या नावावर जमा होतात. त्यामुळे चित्र कुणाच्या फोनवरचं आहे हेही विचारून ठेवावं.

चित्र मोठं केलं तर अक्षरं फुटतात. काय करावं?

फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप चित्र लहान करतं, आणि उभ्या लांब चित्राला त्याचा सर्वांत जास्त फटका बसतो. तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ आकारात येईल. ते जमत नसेल तर एका लांब चित्राऐवजी आठ-दहा साधे स्क्रीनशॉट मागवा, मात्र प्रत्येकात आधीच्या चित्रातला शेवटचा मेसेज पुन्हा दिसला पाहिजे. तो दिसला की मधलं काही सुटलेलं नाही याची खात्री होते.

फोनने आपोआप जोडलेल्या लांब चित्रात जोड जिथे बसतो तिथे एखादा मेसेज दोनदा येतो किंवा अर्धा कापला जातो. मेसेजांच्या वेळा क्रमाने वाढत आहेत ना, एवढं वरून खाली एकदा पाहिलं तरी असा जोड सापडतो. लांब मेसेजच्या शेवटी `Read more` दिसत असेल, तर उरलेला मजकूर चित्रात नाहीच. तो वेगळा मागवावा लागतो.

उदाहरणातली चर्चा काय आहे?

24 फ्लॅटची सोसायटी, विषय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा. स्क्रीनशॉट मंगळवारी, 12 मे 2026 ला काढलेला आहे. सुप्रभातची चित्रं आणि फॉरवर्ड वगळून मेसेज असे:

शुक्रवार
सायं. 7:42, सेक्रेटरी: गच्चीची दोन कोटेशन आली आहेत. पहिल्याचं 2.40, दुसऱ्याचं 1.85. पीडीएफ वर टाकल्यात.
7:50, फ्लॅट 402: दुसऱ्यात जुना कोबा काढणं धरलंय का?
7:52, फ्लॅट 203: 1.85 वालाच घ्या.
7:58, फ्लॅट 101: पावसाच्या आधी झालं पाहिजे बरं का.
8:10, खजिनदार: 1.85 चालेल. फंडात तेवढे आहेत.
8:15, फ्लॅट 304: 👍

शनिवार
सकाळी 9:05, सेक्रेटरी: कॉन्ट्रॅक्टर परवा येऊन गच्ची बघणार आहे. पुढच्या रविवारी मीटिंग घेऊ, साडेदहाला, पार्किंगमध्ये.
9:20, फ्लॅट 302: टाकी पण त्याच वेळी साफ करून घेऊया का?
9:31, फ्लॅट 203: हो
दुपारी 1:10, फ्लॅट 304: (मेसेज डिलीट केला आहे)

रविवार
सकाळी 11:00, सेक्रेटरी: मीटिंगची नोटीस उद्या लावतो.

काल
सायं. 6:30, सेक्रेटरी: कॉन्ट्रॅक्टर आज आला नाही. बुधवारी येतो म्हणाला.
6:44, फ्लॅट 402: कोबा काढणं धरलंय का ते अजून कळलं नाही.
6:50, खजिनदार: पहिला 2.10 पर्यंत खाली येतोय.
7:02, फ्लॅट 203: मग पहिलाच बरा. त्याची 10 वर्षांची गॅरंटी आहे.

आज
सकाळी 8:15, चेअरमन: कोणाला द्यायचं ते मीटिंगमध्ये ठरवू. तोपर्यंत कोणालाही अ‍ॅडव्हान्स देऊ नका.
8:20, खजिनदार: ठीक. नाही देत.
8:41, फ्लॅट 101: गच्चीवर माझ्या कुरडया वाळत घातल्यात. कधीपर्यंत काढू?
9:10, फ्लॅट 302: 🙏

यात "ठरलं" असं नक्की कशाला म्हणायचं?

माझी कसोटी अशी आहे: कुणीतरी स्पष्ट प्रस्ताव मांडला, ज्याच्या हातात ते काम आहे त्याने तो स्वीकारला, आणि चित्राच्या शेवटापर्यंत तो कुणी मागे घेतला नाही किंवा पुन्हा उघडला नाही. या तिन्हींपैकी एक जरी नसेल तरी ती गोष्ट "ठरलं" या रकान्यात जात नाही.

शुक्रवारची संध्याकाळ वाचली तर 1.85 वाला कॉन्ट्रॅक्टर नक्की झाला असंच वाटतं. 203 म्हणाले घ्या, खजिनदार म्हणाले चालेल, 304 यांचा अंगठा आला. वरून खाली वाचत टिपण लिहिणारा माणूस इथेच "निर्णय: दुसरा कॉन्ट्रॅक्टर, 1 लाख 85 हजार" असं लिहून मोकळा होतो. सोमवारी मात्र खजिनदारांनीच पहिल्याचा नवा भाव सांगितला, 203 यांनी मत बदललं, आणि मंगळवारी चेअरमननी विषय सभेकडे नेला. म्हणजे कॉन्ट्रॅक्टर ठरलेला नाही. गावाहून परत आलेल्या माणसाने "1.85 वाला पक्का झाला" हे वाचून त्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला, तर सोसायटीची भाव कमी करून घेण्याची संधी जाते.

म्हणून मी निर्णय शोधताना शेवटच्या मेसेजपासून वर जातो. एखाद्या विषयावरचा सर्वांत शेवटचा शब्द काय आहे ते आधी पाहायचं, आणि मग त्याला आधार देणारे मेसेज वर शोधायचे. तारखांनाही हीच रीत लागू पडते. प्रश्न मात्र वरून खालीच शोधावे लागतात, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

या चर्चेत खऱ्या अर्थाने ठरलेली गोष्ट एकच आहे: सभेपर्यंत कुणालाही अ‍ॅडव्हान्स द्यायचा नाही. चेअरमननी सांगितलं आणि ज्यांच्या सहीने चेक जातो त्या खजिनदारांनी "नाही देत" असं उत्तर दिलं. सभेची तारीख सेक्रेटरींनी जाहीर केली आहे आणि तिला कुणी हरकत घेतलेली नाही. सभा बोलावणं हे त्यांचंच काम असल्यामुळे तीही ठरलेली धरता येते, पण नोटीस लागल्याचा मेसेज चित्रात नाही, ही गोष्ट सोबत लिहायची.

अंगठा, हात जोडलेले, "बघू", "चालेल" यांना संमती मानायचं का?

"चालेल" ही संमती आहे. "बघू" ही नाही. "करायला हवं" ही इच्छा झाली, "करूया" हा प्रस्ताव झाला आणि "करतो" म्हटलं की जबाबदारी आली. टिपणात हे फरक जसेच्या तसे राहिले पाहिजेत. 101 यांचं "पावसाच्या आधी झालं पाहिजे" हे वाक्य "काम पावसाआधी पूर्ण करण्याचं ठरलं" असं बदलून लिहिलेलं मी पाहिलं आहे. मूळ वाक्यात ठरणं कुठेच नव्हतं.

अंगठ्याचं थोडं कठीण असतं. वेगळा मेसेज म्हणून आलेला अंगठा नेमका कशाला आहे हे कळत नाही. 304 यांचा अंगठा खजिनदारांच्या मेसेजला असेल, किंवा 101 यांच्या पावसाच्या आग्रहाला. असा अंगठा "बहुधा पाठिंबा" एवढाच धरावा आणि एकट्या त्याच्या जोरावर निर्णय उभा करू नये. मेसेजच्या खालच्या कडेला चिकटलेला अंगठा मात्र त्याच मेसेजला असतो, त्याबद्दल शंका नसते. तिथे अडचण वेगळी: ग्रुपमध्ये तिथे आकडा दिसतो, नावं दिसत नाहीत. त्यामुळे "सात जणांची पसंती" एवढं लिहिता येतं, "कमिटीची पसंती" असं लिहिता येत नाही.

हात जोडलेले म्हणजे आभार, विनंती, नमस्कार किंवा नुसतंच "वाचलं". मी ते मोजत नाही. गप्प बसलेल्यांनाही मोजत नाही. 24 फ्लॅटपैकी फार तर आठ-दहा माणसं इथे बोलली आहेत, तेव्हा "सर्वांनुमते" हा शब्द या टिपणात येऊच शकत नाही.

"परवा", "पुढच्या रविवारी" यांच्या तारखा कशा काढायच्या?

प्रत्येक सापेक्ष शब्द मेसेजच्या तारखेपासून मोजायचा. वाचणाऱ्याच्या आजपासून मोजला की चूक होते. चित्र 12 मेला, मंगळवारी काढलं आहे. म्हणून "काल" म्हणजे 11 मे, रविवार म्हणजे 10, शनिवार 9 आणि शुक्रवार 8 मे. हा छोटा तक्ता आधी कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला की बाकीचं सोपं जातं.

शनिवारी, 9 मेला सेक्रेटरी म्हणाले "परवा येऊन गच्ची बघणार आहे". परवा मागचाही असतो आणि पुढचाही. इथे "बघणार आहे" असल्यामुळे तो पुढचा, म्हणजे सोमवार, 11 मे. पडताळा सोमवारच्याच मेसेजमध्ये मिळतो: "कॉन्ट्रॅक्टर आज आला नाही." म्हणजे आपण बरोबर मोजलं. सोमवारी सायंकाळी म्हटलेला "बुधवार" हा 13 मे.

"पुढच्या रविवारी" हे जास्त फसवं आहे. शनिवारी बोलणाऱ्याला उद्याचा रविवार अभिप्रेत आहे की त्यानंतरचा? अनेकजण लगेचच्या रविवाराला "उद्या" किंवा "येत्या रविवारी" म्हणतात, पण सगळे नाही. अशा वेळी शब्दावर न थांबता आजूबाजूचा पुरावा पाहावा. रविवारी, 10 मेला सकाळी 11 वाजता सेक्रेटरी म्हणतात, "नोटीस उद्या लावतो." सभा त्याच सकाळी साडेदहाला असती, तर ती तोवर सुरू झालेली असती. म्हणून सभा 17 मेला. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण 5 दिवसांची नोटीस लागते, त्यात नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. 11 ला नोटीस लावली तर 12 ते 16 असे बरोबर पाच दिवस मधे येतात. हिशोब जुळतो. आणि त्यामुळेच नोटीस खरोखर 11 ला लागली का, हा प्रश्न टिपणात घ्यावा लागतो. एक दिवस उशीर झाला असेल तर 17 ची सभा अडचणीत येते.

पुरावा मिळालाच नाही तर दोन्ही तारखा लिहा: "10 किंवा 17 मे, विचारून घ्यावं." अंदाजाने एकच तारीख लिहिली तर वाचणारा ती पक्की धरतो.

"पावसाच्या आधी", "महिनाअखेर", "दिवाळीनंतर" अशा शब्दांना मात्र तारीख देऊ नये. 101 यांच्या मनात 31 मे असेल किंवा 10 जून, आपण ठरवायचं कारण नाही. ते शब्द अवतरणात तसेच ठेवावेत.

आकड्यांबद्दल काही काळजी?

"2.40" म्हणजे 2 लाख 40 हजार, हे संदर्भाने कळतं. टिपणात पूर्ण लिहावं. "दीड", "अडीच", "85" असे तोंडी आकडे आले तर हजार की लाख हे आधीच्या मेसेजमधून जुळवून घ्यावं. भावाच्या आकड्यासोबत त्यात काय धरलं आहे आणि काय नाही, हे चर्चेत आलं असेल तेवढंच लिहावं. इथे जीएसटी धरलाय का, हे कुणी विचारलेलंच नाही. तो आपला प्रश्न झाला, ग्रुपचा नाही. विचारायचा असेल तर टिपणाखाली वेगळा, स्वतःच्या नावाने विचारावा.

जुनी, रद्द झालेली गोष्ट टिपणात ठेवायची की काढायची?

ज्यावर कुणी आधीच अवलंबून राहिलं असण्याची शक्यता आहे ती ठेवायची. कॉन्ट्रॅक्टर सोमवारी येणार म्हणून कुणीतरी गच्चीची किल्ली घेऊन थांबलं असेल. त्याला "11 मेची भेट झाली नाही, आता 13 मे" हे वाचायला मिळालं पाहिजे. बाकीचं काढून टाकावं. कोण आधी कुणाच्या बाजूने होतं आणि मग फिरलं, याची नोंद टिपणात आली की पुढची भांडणं तिथून सुरू होतात. 203 यांनी मत बदललं हा त्यांचा हक्क आहे. टिपणाला त्यातून एवढंच हवं की मत एकवटलेलं नाही.

उत्तर न मिळालेले प्रश्न कसे शोधायचे?

टिपणातला हा सगळ्यात मोलाचा भाग आहे आणि सगळ्यात आधी हाच सुटतो. निर्णय आणि तारखा लोकांच्या लक्षात राहतात. विचारलेला आणि वाहून गेलेला प्रश्न फक्त विचारणाऱ्याच्या लक्षात राहतो.

मी वरून खाली जाताना प्रत्येक प्रश्नाला पेन्सिलने नंबर देतो. प्रश्नचिन्ह असलेलेच नव्हे, तर "अजून कळलं नाही", "कुणी सांगेल का", "बघायला हवं" हेही. मग प्रत्येक प्रश्नासाठी खाली उत्तर शोधतो. पुढच्या मेसेजपाशी थांबत नाही, कारण ग्रुपवर उत्तर दोन दिवसांनीही येतं. उत्तर कसं ओळखायचं? ज्याला माहिती आहे अशा माणसाने त्या प्रश्नाचंच उत्तर दिलं पाहिजे.

402 यांचा प्रश्न घ्या: दुसऱ्या कोटेशनमध्ये जुना कोबा काढणं धरलंय का? त्याच्यानंतर लगेच 203 यांचा "1.85 वालाच घ्या" आला, पण ते उत्तर नाही. तीन दिवसांनी 402 यांनी पुन्हा विचारलं, तरी उत्तर नाही. हा प्रश्न या सगळ्या चर्चेचा कणा आहे. गच्चीवरचा जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा थर, फोडायचा, राडारोडा गोण्यांत भरून खाली आणायचा आणि टेम्पोने न्यायचा, ही मजुरी मोठी असते. ती 1.85 मध्ये धरलेली नसेल तर 2.10 आणि 1.85 ची तुलनाच चुकीची आहे. कोबा न काढता वरून नुसता थर द्यायचा विचार असेल, तर ते वेगळंच काम आहे आणि गच्चीवरचं वजनही वाढतं. म्हणून हा प्रश्न टिपणात पहिल्या क्रमांकावर हवा, दोनदा विचारला गेल्याच्या नोंदीसह.

302 यांनी टाकी साफ करण्याबद्दल विचारलं आणि 203 यांचं "हो" आलं. हे अर्धं उत्तर. 203 हे सदस्य आहेत, काम ठरवणारे नाहीत. शिवाय ते "हो" मेसेज धरून, म्हणजे रिप्लाय म्हणून दिलेलं नाही, त्यामुळे सेक्रेटरींच्या सभेलाही असू शकतं. हा प्रश्न उघडाच ठेवायचा.

101 यांच्या कुरडया. हा मेसेज विनोद म्हणून सोडला जाईल अशी मला भीती वाटते. मे महिन्यात गच्चीवर वाळवणं असतातच, आणि कॉन्ट्रॅक्टर बुधवारी गच्ची पाहायला येणार आहे. म्हणजे या प्रश्नाला उत्तर मिळण्याची मुदत सगळ्यांत जवळची आहे. कोब्यासारखा कण्याचा प्रश्न सोडला, तर बाकीच्यांचा क्रम प्रश्न छोटा आहे की मोठा यापेक्षा त्याला उत्तर कधीपर्यंत हवं, हे पाहून लावावा.

शेवटी असे प्रश्न येतात जे कुणी विचारले नाहीत पण मेसेजांमध्येच भोक आहे. बुधवारी येणारा कॉन्ट्रॅक्टर पहिला की दुसरा? सेक्रेटरी दोन्ही वेळा नुसतं "कॉन्ट्रॅक्टर" म्हणाले. शुक्रवारी 1.85 कडे कल होता म्हणून तो दुसरा असावा असं वाटतं, पण लिहिलेलं कुठेच नाही. अशा भोकांना वेगळा मथळा द्यावा, म्हणजे ग्रुपने विचारलेलं आणि आपल्याला खटकलेलं यांची सरमिसळ होत नाही.

डिलीट केलेले आणि दुरुस्त केलेले मेसेज?

304 यांनी शनिवारी काहीतरी लिहून काढून टाकलं. टिपणात त्याचा उल्लेख करू नये आणि काय असेल याचा तर्क तर मुळीच नको. फक्त त्याच्यापुढच्या एखाद्या उत्तराचा अर्थ त्यावाचून लागत नसेल, तर "आधीचा मेसेज उपलब्ध नाही" एवढं लिहावं.

दुरुस्तीचं जरा वेगळं. पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत मेसेज बदलता येतो. मग त्याच्या वेळेजवळ `Edited` दिसतं, पण वेळ मूळ पाठवल्याचीच राहते. म्हणून एखाद्या रकमेच्या किंवा तारखेच्या मेसेजवर हा शिक्का असेल आणि त्याला मिनिटभरात कुणी "ठीक" म्हटलं असेल, तर ते "ठीक" जुन्या आकड्याला असू शकतं. अशा निर्णयापुढे मी "दुरुस्त मेसेज, खात्री करावी" असं लिहितो.

रिप्लायच्या वरच्या चौकटीत मूळ मेसेजचा थोडाच भाग दिसतो आणि त्याची तारीख दिसत नाही. मूळ मेसेज चित्रात नसेल तर त्या तुकड्यावरून निर्णय लिहू नये.

मग तयार टिपण कसं दिसतं?

असं:

गच्ची वॉटरप्रूफिंग. 8 मे सायं. 7:42 ते 12 मे सकाळी 9:10 या मेसेजांवरून. त्याआधीच्या पीडीएफ पाहिलेल्या नाहीत.

ठरलं: सभेपर्यंत कोणत्याही कॉन्ट्रॅक्टरला अ‍ॅडव्हान्स द्यायचा नाही (चेअरमन, 12 मे 8:15, खजिनदारांचा होकार 8:20). सभा रविवार, 17 मे, सकाळी 10:30, पार्किंगमध्ये (सेक्रेटरी, 9 मे 9:05, तारीख पुढच्या मेसेजवरून काढली आहे).

ठरलेलं नाही: कॉन्ट्रॅक्टर कोणता. पहिला 2 लाख 40 हजारांवरून 2 लाख 10 हजारांपर्यंत येतो आहे, दुसरा 1 लाख 85 हजार. निर्णय सभेत.

तारखा: बुधवार, 13 मे, कॉन्ट्रॅक्टर गच्ची पाहायला येणार (11 मेची भेट झाली नाही). रविवार, 17 मे, सभा.

उत्तर बाकी: दुसऱ्या कोटेशनमध्ये जुना कोबा काढणं धरलं आहे का? (402, दोनदा) गच्चीवरची वाळवणं कधीपर्यंत काढायची? (101, 13 मेच्या आधी उत्तर हवं) टाकीची सफाई याच वेळी करायची का? (302)

मेसेजांवरून कळत नाही: 13 ला येणारा कॉन्ट्रॅक्टर कोणता? सभेची नोटीस 11 मेला लागली का? 10 वर्षांची गॅरंटी कोटेशनमध्ये लिहिलेली आहे का?

फोनच्या एका स्क्रीनवर जवळजवळ बसेल एवढंच हे आहे. प्रत्येक निर्णयापुढे माणूस आणि वेळ असल्यामुळे कुणालाही मूळ मेसेज अर्ध्या मिनिटात सापडतो.

नावं लिहावीत का?

सोसायटीत फ्लॅट नंबर पुरतो, आणि तो जास्त अचूकही असतो. स्क्रीनशॉटमधली नावं फोनच्या मालकाने जशी सेव्ह केली तशी असतात. एकाच्या फोनवर जे "जोशीकाका" ते दुसऱ्याच्या फोनवर "सेक्रेटरी नवीन" असू शकतात. सेव्ह नसलेल्या माणसाचा मोबाईल नंबर चित्रात दिसतो, तो टिपणात कधीच उतरवू नये. टिपण सोसायटीबाहेरच्या कुणाला, उदाहरणार्थ कॉन्ट्रॅक्टरला, पाठवायचं असेल तर इतर कोटेशनचे आकडे आणि कोण कुणाच्या बाजूने आहे हे आधी काढा.

ग्रुपवर ठरलं म्हणजे सोसायटीचा ठराव झाला का?

नाही. ठराव सभेत मांडला जातो आणि इतिवृत्तात लिहिला जातो. ग्रुपवरचं टिपण सभेच्या तयारीला उपयोगी पडतं. "उत्तर बाकी" आणि "मेसेजांवरून कळत नाही" हे भाग सेक्रेटरींना सभेआधी दिले, तर कोबा आणि गॅरंटी याबद्दल कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी खुलासा मागवायला वेळ मिळतो.

स्क्रीनशॉटऐवजी चॅट एक्स्पोर्ट का करू नये?

करता येत असेल तर जरूर करा. मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केलं की मजकुराची फाइल मिळते, प्रत्येक ओळीला पूर्ण तारीख आणि वेळ असते, आणि वरची निम्मी पंचाईत मिटते. मात्र त्यात पाच दिवसांऐवजी मागचे कित्येक महिने येतात, लोकांचे नंबर आणि घरगुती गोष्टींसह. एका विषयाच्या टिपणासाठी एवढं सगळं कुणाच्या हातात देणं मला योग्य वाटत नाही. स्वतःच्या फोनवर एक्स्पोर्ट करून, हवा तेवढा भाग ठेवून बाकीचा पुसणं, हा मधला मार्ग चांगला.

टिपण ग्रुपवर टाकल्यावर कुणी म्हणालं, "मी असं म्हणालोच नव्हतो," तर?

वेळ पाहून मूळ मेसेज उघडा आणि त्यालाच रिप्लाय देऊन विचारा, "याचा अर्थ मी असा घेतला, बरोबर आहे का?" माणूस वेगळं सांगत असेल तर टिपण बदला, कारण त्याच्या म्हणण्याचा अर्थ त्यालाच जास्त माहीत. बदललेलं टिपण नव्या मेसेजमध्ये, वर "सुधारित, 12 मे रात्री" असं लिहून टाका आणि जुनं टिपण सगळ्यांसाठी डिलीट करा. दोन टिपणं ग्रुपवर फिरत राहिली तर 17 तारखेच्या सभेत निम्मे लोक जुनं वाचून येतील.